एकाच अपघातानंतर दोन कागदांवर दोन निदानं. डॉक्टर हे ठरवतात कसं?

जुईली_कल्याण
नमस्कार. धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. वय ३४, गावी ओतूरला असतो. स्वतःचा पिकअप आहे, आमच्या भागातला कांदा आणि भाजी माळशेज घाटातून कल्याणच्या मार्केटला आणतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे पावसात घाट उतरत असताना समोरून येणारी मोटरसायकल घसरली आणि थेट त्याच्या गाडीखाली आली. मुलगा तरुण होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत भाऊ त्याच्याजवळ रस्त्यावर बसून होता. तो मुलगा त्याच्यासमोरच गेला. भावाला स्वतःला खांद्याला मुका मार, बाकी काही नाही.

त्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात नेलं तेव्हा तो हाक मारली तरी बघत नव्हता. हात थरथरत होते, मधेच उठून दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर ‘अक्यूट स्ट्रेस रिअ‍ॅक्शन, एफ ४३.०’ असं लिहिलं आणि जवळ कुणीतरी राहा, चार दिवसांनी दाखवा म्हणाले. खरंच चार दिवसांत तो बोलायला लागला, जेवायला लागला. आम्हाला वाटलं, गेलं.

मग ऑगस्टमध्ये झोप उडाली, चिडचिड वाढली, घराबाहेर पडेना. गेल्या आठवड्यात मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ‘अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर, एफ ४३.२’ लिहिलंय आणि खाली ‘पीटीएसडी’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह. दहा-बारा मिनिटं बोलणं झालं असेल. भाऊ तिथे फक्त गाडी पोलीस स्टेशनला अडकलीय, हप्ते थकलेत, केस होणार, एवढंच बोलला.

माझा प्रश्न असा की पहिल्या डॉक्टरांचं चुकलं होतं का? आणि दुसऱ्यांना तरी नक्की माहीत आहे का, की अंदाजाने लिहिलंय?

घाटवाट
ताई, हे सोपं आहे. पहिला महिनाभर जे होतं ते अक्यूट स्ट्रेस. महिना उलटूनही राहिलं की पीटीएसडी. आणि अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर हे लहान गोष्टींसाठी असतं, म्हणजे बदली झाली, घटस्फोट झाला, मुलगा नापास झाला वगैरे. इथे तर डोळ्यांदेखत माणूस गेलाय आणि दोन महिने झालेत. हा सरळ पीटीएसडी आहे. डॉक्टर बदला.

मनोवैद्य
मी मनोविकारतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं सरकारी रुग्णालयात काम केलं. रुग्ण न बघता निदान सांगणार नाही, पण विचार कसा करतात ते सांगता येईल.

जुईलीताई, पहिल्या डॉक्टरांचं चुकलेलं नाही. तुम्ही वर्णन केलंय ते अगदी तेच आहे: बधिरपणा, हाकेला ओ न देणं, उगाच येरझाऱ्या, थरथर. असं काही तासांत सुरू होतं आणि माणूस सुरक्षित जागी आला की काही दिवसांत ओसरायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, या प्रतिक्रियेला मानसिक आजार मानलेलंच नाही. एवढा मोठा धक्का बसल्यावर माणसाने असं वागणं स्वाभाविक आहे, मदत मात्र लागू शकते, अशा नोंदींमध्ये तिला ठेवलंय. तुमच्या कागदावरचे आकडे आधीच्या, आयसीडी-१० च्या यादीतले आहेत. तिथे या तिन्ही गोष्टी एफ ४३ या एकाच घरात राहतात: .० म्हणजे तात्काळ प्रतिक्रिया, .१ पीटीएसडी, .२ अ‍ॅडजस्टमेंट. पहिल्या डॉक्टरांनी त्या दिवशी जे दिसलं ते लिहिलं आणि चार दिवसांनी बोलावलं, याहून चांगलं काही करता आलं नसतं.

घाटवाट, महिन्याबद्दल तुम्ही म्हणता ते अमेरिकेच्या डीएसएम-५ मधलं आहे. तिथे ‘अक्यूट स्ट्रेस डिसऑर्डर’ नावाचं वेगळं निदान आहे, तीन दिवसांपासून एक महिन्यापर्यंतचं. ते आणि या कागदावरची ‘रिअ‍ॅक्शन’ एक नव्हे. पण माझा खरा आक्षेप दुसऱ्या वाक्याला आहे. घटना किती मोठी यावरून अ‍ॅडजस्टमेंट की पीटीएसडी हे ठरत नाही. जीवघेणी किंवा भीषण घटना घडलेली असल्याशिवाय पीटीएसडी म्हणता येत नाही, हे खरं. पण अशी घटना घडली म्हणून जे काही होईल ते पीटीएसडीच, असं नाही. भीषण अपघातानंतरही माणसाला अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर होऊ शकतो, डिप्रेशन होऊ शकतं, आणि बहुतेकांना काही काळाने काहीच उरत नाही.

कॅलेंडर आम्हाला कोणत्या खोलीत शोधायचं तेवढं सांगतं. ठरतं ते दुसऱ्या एका गोष्टीवर: माणसाच्या मनात परत परत काय येतं? घडून गेलेला प्रसंग आत्ता, या क्षणी पुन्हा घडतोय असं येतं? की त्या प्रसंगाने आयुष्यात जे होऊन बसलंय त्याची चिंता येते? पहिलं पीटीएसडीकडे नेतं, दुसरं अ‍ॅडजस्टमेंटकडे.

तुमचा भाऊ दहा मिनिटं फक्त हप्ते आणि केस बोलला, म्हणून त्या डॉक्टरांना दुसरंच दिसलं. त्यांनी खाली प्रश्नचिन्ह ठेवलं यावरून मला वाटतं, ते विचार करणारे डॉक्टर आहेत. बदलू नका. पुढच्या भेटीआधी हे बघून ठेवा:

रात्री जाग येते तेव्हा त्याच्या डोक्यात काय असतं, नेमकं काय? बाहेर पडत नाही ते कशासाठी, गाडी नाही म्हणून, लोक विचारतील म्हणून, की रस्ताच नको म्हणून? दचकतो का, कशाने? आणि अपघाताबद्दल बोलताना तो कुठल्या काळात बोलतो?

शुभदा_सिस्टर
मी कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स होते. डॉक्टरांना दोन गोष्टी जोडते.

एक, डोक्याला मार लागला होता का हे पक्कं विचारा. रस्त्यावरचा अपघात म्हटलं की आम्ही आधी तेच बघतो. डोक्याला हलका मार लागला तरी चिडचिड, झोप न येणं, लक्ष न लागणं हे सगळं आठवडेन्‌आठवडे राहतं आणि लोक ते मनाचं समजतात. मला उपयोगी पडायचा तो प्रश्न असा: ‘तुला शेवटचं काय आठवतंय आणि त्यानंतर पहिलं काय आठवतंय?’ मधे सलग कोरा तुकडा असेल, त्यात धडकही नसेल, तर मेंदूला हादरा बसला का ते तपासावं लागतं. आणि उलट एकेक गोष्ट नको इतकी स्पष्ट आठवत असेल, तर वेगळी दिशा.

दोन, पहिल्या दिवसांत कुणी झोपेच्या किंवा टेन्शनच्या गोळ्या दिल्या का? नातेवाईक फार मागे लागायचे, ‘काहीतरी द्या, शांत झोपू द्या’. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय की धक्क्यानंतरच्या पहिल्या महिन्यात या लक्षणांसाठी डायझेपाम, अल्प्राझोलम गटातली औषधं देऊ नयेत. त्याने पुढचा पीटीएसडी टळत नाही. तसंच अपघातातल्या माणसाला लगेच समोर बसवून ‘सगळं सांगून मोकळा हो’ करणं. एका बैठकीच्या अशा सक्तीच्या बोलण्याने फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो. तो आपणहून बोलला तर ऐकावं.

कातरवेळ
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. पुण्यात आयटीत होते, अकरा वर्षं एकाच कंपनीत. फेब्रुवारीत एका व्हिडिओ कॉलवर काढलं. संध्याकाळपर्यंत लॅपटॉप बंद. तेव्हापासून तो कॉल सतत डोक्यात फिरतो. मी काय बोलायला हवं होतं, मॅनेजरने आधी कळवायला हवं होतं, होम लोनचं काय. जुन्या ऑफिसच्या रस्त्याने गेलं की छाती धडधडते. माझी मैत्रीण म्हणते हा पीटीएसडी आहे, आणि मलाही तसंच वाटतं. तर ‘जीवघेणी घटना’ हवीच असा हट्ट का? मला तो कॉल जीवघेणाच होता.

वकील_जुन्नरकर
ताई, निदान कुठलं हवं ते आधी ठरवा. कोर्टात पीटीएसडीच्या दाखल्याने भावाला फायदा होईल की तोटा, हे वकिलाला विचारल्याशिवाय डॉक्टरकडून काही लिहून घेऊ नका. निष्काळजीपणाचा गुन्हा असेल तर मनाच्या आजाराचा कागद फिर्यादीच्या हाती जाऊ नये.

गाडीचं मात्र लगेच करा. तपासणी झाल्यावर सुपूर्दनाम्यावर गाडी परत मिळते, त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. महिनोन्‌महिने ती पोलीस स्टेशनच्या आवारात सडू द्यायची गरज नाही.

जुईली_कल्याण
वकील साहेब, दाखला कोर्टासाठी नकोय, त्याच्यावर उपचार काय करायचे ते कळावं म्हणून विचारतेय. पण सुपूर्दनाम्याचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, मनापासून आभार. उद्याच चौकशी करते.

मनोवैद्य
कातरवेळ, तुमचा त्रास लहान आहे असं मी म्हणणार नाही. अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डरने माणसं नोकरी करू शकत नाहीत, काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. ‘हलका पीटीएसडी’ असा त्याचा अर्थ नाही.

पण तुम्ही काय लिहिलंय ते पुन्हा वाचा. ‘काय बोलायला हवं होतं, कळवायला हवं होतं, लोनचं काय.’ हे त्या कॉलभोवती फिरणारे विचार आहेत. मन त्या गोष्टीला सोडत नाही, उलटसुलट करत राहतं, त्यातून पुढची पावलं अडतात. आयसीडी-११ मध्ये अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डरचं मुख्य लक्षण हेच आहे. पीटीएसडीत विचार नसतो, प्रसंग असतो. वास, आवाज, अंगावरचा स्पर्श यांच्यासकट तो येतो आणि काही क्षण माणसाला आपण तिथेच आहोत असं वाटतं. तुम्हाला कधी असं झालंय का की तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या आहात आणि एकाएकी त्या कॉलमध्येच आहात?

हट्ट यासाठी की उपचार वेगळे आहेत. आणखी एक: नोकरी गेल्यापासून सहा महिन्यांहून जास्त झालेत. ताण संपल्यावर साधारण सहा महिन्यांत अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर ओसरतो. लोन आणि बेकारी चालूच असेल तर तो लांबतो, पण तुमच्या बाबतीत आता डिप्रेशन आहे का हेही कुणीतरी नीट बघायला हवं. कुणाला दाखवलंय का?

कातरवेळ
नाही दाखवलं. स्वयंपाकघरातलं तसं कधी झालं नाही. पण सकाळी उठावंसंच वाटत नाही, गेले दोन महिने. दाखवते.

हवालदार_निवृत्त
आमच्या युनिटमधला एक जण पोस्टिंगवरून आला आणि वर्षभर एकदम ठीक होता. मग एका लग्नात फटाके वाजले आणि तो टेबलाखाली. तोवर कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा दोन महिन्यांत नाही दिसलं म्हणून नाहीच, असं समजू नका. आमच्याकडे सगळे म्हणायचे, हा कमजोर निघाला. तो आमच्यातला सगळ्यात धाडसी होता.

जुईली_कल्याण
मनोवैद्य सर, शुभदाताई, तुम्ही सांगितलेलं सगळं विचारलं. भावाशी आणि वहिनीशी वेगवेगळं बोलले. जसं आहे तसं लिहिते.

डोक्याला मार नाही. त्याला सगळं आठवतं, मोटरसायकलचा दिवा वाकडा झाला तिथपासून.

रात्री जाग येते तेव्हा काय, तर तो म्हणाला, हिशोब. हप्ता, डिझेलची उधारी, पोलीस काय लिहितील. हे तो सहज सांगतो. पण वहिनी म्हणाली की दोनदा तो झोपेतून ओरडून उठलाय, घामाने भिजलेला, आणि स्वप्न सांगत नाही. झोप लागावी म्हणून रोज रात्री थोडी घेतो हेही तिनेच सांगितलं. आधी फक्त सणावाराला घ्यायचा.

दुसरं. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी जोराचा पाऊस आला, शेजाऱ्याच्या गाडीचा वायपर करकरत होता. हा अंगणात होता. वहिनी सांगते, तो तिथेच खाली बसला आणि म्हणाला, ‘याच्या अंगावर काहीतरी टाका, भिजतोय तो.’ दोन-तीन मिनिटं. मग उठून आत गेला आणि ‘काही नाही’ म्हणाला. डिझेलचा वास येत होता असं नंतर तिला बोलला.

बाहेर न पडण्याचं असं: गाडीच नाही, जाणार कुठे, असं तो म्हणतो. आम्हालाही ते पटलं होतं. पण राखीपौर्णिमेला माझ्याकडे कल्याणला आला तो माळशेजने नाही आला. आळेफाट्याहून पुण्याला गेला, तिथून गाडी पकडून आला. दुप्पट वेळ. मी विचारलं तर म्हणाला, पुण्यात काम होतं. काम काही नव्हतं. मित्राने स्वतःची गाडी चालवायला दिली होती भाड्याने, तीही नको म्हणाला.

हॉर्नने दचकतो. रस्त्याकडे पाठ करून बसत नाही.

घाटवाट
बघा, मी म्हणालो होतो. पीटीएसडी.

मनोवैद्य
घाटवाट, तुम्ही मुक्कामाला कदाचित बरोबर पोचलात, पण तुमच्या वाटेने तिथे दरवेळी पोचता येत नाही. हाच भाऊ फक्त हिशोबाने जागा राहिला असता, घाटातून एसटीने आला असता, अंगणातला प्रसंग घडलाच नसता, तरी तुम्ही पीटीएसडीच म्हटलं असतंत. तेव्हा ते चुकलं असतं.

जुईलीताई, अंगणातला प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा. तो ‘भिजत होता’ नाही म्हणाला, ‘भिजतोय’ म्हणाला. त्या दोन मिनिटांत त्याच्यासाठी ते पुन्हा घडत होतं. आयसीडी-११ पीटीएसडीसाठी तीन खांब मागते: प्रसंग वर्तमानात परत येणं, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं, आणि धोका अजून टळलेला नाही अशी सततची सावधगिरी. हे निदान किमान काही आठवडे टिकावं लागतं आणि रोजच्या जगण्यात अडथळा यावा लागतो. पहिला खांब अंगणात आणि स्वप्नांत आहे. तिसरा हॉर्नमध्ये आणि रस्त्याकडे तोंड करून बसण्यात.

दुसऱ्या खांबाला आम्ही सगळ्यात जास्त फसतो. गाडी जप्त असलेला ड्रायव्हर गाडी चालवत नाही, तर हे टाळणं की नाइलाज? खोलीत बसून कळत नाही. म्हणून जिथे नाइलाज नव्हता तिथे तो काय करतो ते बघावं लागतं. राखीला त्याला माळशेजने यायला कुणी अडवलं नव्हतं. तरी तो पुण्यावरून आला आणि कारण खोटं सांगितलं. मित्राची गाडीही नाकारली. हे टाळणं आहे.

आणि हे सगळं तो डॉक्टरांना बोलला नाही, हेही टाळण्याचाच भाग आहे. हप्त्यांबद्दल बोलणं सोपं असतं. त्या मुलाबद्दल बोलणं म्हणजे परत तिथे जाणं. पीटीएसडीचा माणूस दवाखान्यात अ‍ॅडजस्टमेंटसारखा दिसतो तो बहुतेक वेळा यामुळेच. म्हणून घरच्या माणसाला वेगळं विचारल्याशिवाय मी हे निदान नाकारत नाही.

दारूचं डॉक्टरांना नक्की सांगा. दारूने झोप लागते पण झोपेचा पोत बिघडतो, आणि ती थांबवल्यावर काही दिवस स्वप्नं उसळून येतात. आधी माहीत नसेल तर आजार वाढला असं वाटतं. अचानक बंद करायला लावू नका, किती घेतो ते सांगून डॉक्टरांना ठरवू द्या.

समुपदेशिका_नाशिक
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. मनोवैद्य सरांशी बऱ्याच अंशी सहमत, पण इतक्या लवकर शिक्कामोर्तब नको.

माझं शिक्षण डीएसएमवर झालं. तिथे हे तीन खांब पुरत नाहीत. विचार आणि भावनांमध्ये पडलेले बदलही लागतात, किमान दोन: स्वतःला दोष देणं, कशातच रस न उरणं, जवळच्यांपासून तुटल्यासारखं वाटणं, आनंद न वाटणं असे. जुईलीताईंच्या लिहिण्यात यातलं मला स्पष्ट एकही दिसत नाही. त्यांनी विचारलं नसेल, किंवा नसेलही. तेव्हा एकाच माणसाला एका पुस्तकाने पीटीएसडी म्हणावं आणि दुसऱ्याने म्हणू नये, असं होऊ शकतं. हे आमच्या क्षेत्रात नेहमी होतं.

दुसरं, अंगणातला प्रसंग एकदाच झालाय. स्वप्नं दोनदा. हप्ते आणि केस मात्र रोज रात्री. मग रोजच्या त्रासाचा मोठा भाग कशाचा? मी असते तर एवढ्यात प्रश्नचिन्ह काढलं नसतं.

मनोवैद्य
हा मुद्दा योग्य आहे आणि पुस्तकांमधला फरक खरा आहे. आयसीडी-११ ने मुद्दाम यादी लहान केली, डिप्रेशन आणि इतर आजारांत सापडणारी लक्षणं बाजूला काढून पीटीएसडीची स्वतःची तेवढी ठेवली. डीएसएमची यादी २० लक्षणांची आहे.

पण ‘एकदाच’ यावर मी थांबणार नाही. वहिनीने एकदा पाहिलं. त्याने किती वेळा लपवलं ते आपल्याला माहीत नाही. शिवाय ज्या वाटेवर तो प्रसंग उफाळेल ती वाटच तो चुकवतोय, मग तो दिसणार कसा? टाळणं जितकं यशस्वी, तितकं बाकीचं झाकलेलं राहतं.

रोजच्या हिशोबाचा प्रश्न मात्र उरतोच. पीटीएसडी ठरला तर त्यावर वेगळं अ‍ॅडजस्टमेंटचं निदान चढवत नाहीत, पण म्हणून हप्ता खोटा ठरत नाही.

समुपदेशिका_नाशिक
बरोबर, आणि म्हणून मला घाई नको वाटते. अ‍ॅडजस्टमेंट असेल तर मी त्याला वकील, बँक, घरची माणसं यांच्याबरोबर एकेक प्रश्न सोडवायला बसवीन. पीटीएसडी असेल तर त्या पहाटेकडेच, थोडं थोडं, सुरक्षितपणे जावं लागेल. पीटीएसडीच्या माणसाचे नुसते हप्ते मिटवले तर त्याच्या रात्री तशाच राहतात. आणि हप्त्याच्या काळजीतल्या माणसाला अपघात उगाळायला लावला तर तो दुसऱ्या भेटीला येतच नाही.

हवालदार_निवृत्त
तुमचं दोघांचं ठरेपर्यंत त्या पोराने काय करायचं?

शुभदा_सिस्टर
हवालदारसाहेब, वाट बघायची गरज नाही. गाडी सोडवायची, दारूचं सांगायचं, एकटं ठेवायचं नाही, आणि जीव द्यायचा विचार मनात येतो का हे सरळ विचारायचं. विचारल्याने विचार येत नाही. रात्री-अपरात्री गरज पडली तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

जुईली_कल्याण
दुसरी भेट झाली, म्हणून लिहितेय. या वेळी वहिनीला आधी आत पाठवलं आणि तिने सगळं सांगितलं, राखीचा प्रवास आणि दारूसकट. मग डॉक्टरांनी भावाला एकट्याला बराच वेळ घेतलं. त्यांनी पीसीएल-५ नावाचे २० प्रश्न विचारले, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. त्याचे ४१ आले. ३१ ते ३३ च्या पुढे गेले की पीटीएसडीचा विचार करतात, पण नुसत्या गुणांवर निदान करत नाहीत, म्हणून पुढे बोलणं झालं.

तिथे तो पहिल्यांदा बोलला. त्या मुलाने त्याचा हात धरला होता. आणि ‘मी पाच मिनिटं आधी चहाला थांबलो नसतो तर’ हे त्याला रोज वाटतं. हप्त्याच्या आडून तो हेच मोजत होता, असं डॉक्टर म्हणाले. मुलीला कडेवर घेत नाही, हेही त्याने स्वतः सांगितलं. आम्ही ते खांद्यामुळे समजत होतो.

आता कागदावर एफ ४३.१ आहे, प्रश्नचिन्ह नाही. सर्ट्रालिन नावाची गोळी सुरू केलीय, परिणाम दिसायला काही आठवडे लागतील म्हणाले. पुण्यातल्या एका सायकॉलॉजिस्टकडे दर आठवड्याला जायचं, आठ ते बारा बैठका धरून चाला असं सांगितलंय. पुण्याला जायला त्याची ना नाही, तो रस्ता त्याला चालतो.

समुपदेशिका_नाशिक
दोष आणि मुलीपासून दूर राहणं, दोन्ही आलं. आता माझ्या पुस्तकातही बसतं. बरं झालं नीट विचारलं.

मनोवैद्य
वहिनींना आधी आत पाठवलंत, तिथे बरंच काम झालं. एक लक्षात ठेवा, पहिल्या काही बैठकांनंतर तो जास्त अस्वस्थ दिसू शकतो. तेवढ्यावरून थेरपी थांबवू नका, सायकॉलॉजिस्टला कळवा.

जुईली_कल्याण
एक प्रश्न राहिला. वकील साहेबांनी सांगितलं तसा अर्ज केला, गाडी दोन आठवड्यांत सुटेल असं दिसतंय. वडील म्हणतात, गाडी आली की त्याला लगेच घाटात घाला, भीती मोडेल. वहिनी म्हणते, गाडी विकूनच टाका. कुणाचं ऐकू?

घाटवाट
वडिलांचं. मी घाटात पडलो होतो बाइकवरून, आठव्या दिवशी परत गेलो. नाहीतर कायमचं बसलं असतं.

समुपदेशिका_नाशिक
सध्या दोघांचंही नको. परत जाणं हा उपचाराचाच भाग आहे, पण ते त्याने आणि थेरपिस्टने मिळून, पायरीपायरीने ठरवलेलं असावं लागतं. उभ्या गाडीत बसणं, मग गावातला रस्ता, मग दिवसा कोरड्या हवेत घाट. वडिलांनी ढकललं आणि तो अर्ध्यात परत फिरला तर टाळणं आणखी घट्ट होतं. घाटवाट, तुम्ही स्वतःहून गेला होतात, हा फरक मोठा आहे.

मनोवैद्य
सहमत. आणि विकण्याचा निर्णय आत्ता घेऊ नका. पण पोटापाण्याला तोवर काय, याचं उत्तर आमच्या दोघांकडेही नाही. गाडी सुटल्यावर काही महिने ड्रायव्हर ठेवून चालवता येईल का, हप्ता निघेल का?

वकील_जुन्नरकर
सुपूर्दनाम्यावर सोडलेली गाडी विकता येत नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करावी लागते. तेव्हा तो वाद तूर्त मिटला. दुसरा ड्रायव्हर ठेवायचा तर अटी वाचून घ्या आणि विमा चालू आहे ना ते आधी बघा.

जुईली_कल्याण
विमा डिसेंबरपर्यंत आहे. भावाचा एक मित्र ड्रायव्हर आहे, त्याला विचारते. अटींची प्रत मिळाली की इथे टाकते, साहेब.